जीएसटीची तफावत: उत्तर कसं द्यावं

एका घाऊक स्टेशनरी व्यापाऱ्याचं उदाहरण घेऊ. मार्चमधलं 2 लाखांचं बिल त्याने GSTR-1 मध्ये मार्चलाच दाखवलं, पण त्यावरचा 36,000 रुपये कर एप्रिलच्या GSTR-3B मध्ये भरला. वर्षाची बेरीज जुळेना, म्हणून अधिकाऱ्याने पोर्टलवर ASMT-10 नोटीस काढली.

उत्तर ASMT-11 मध्ये, नोटिशीत दिलेल्या मुदतीत द्यायचं. ती साधारण 30 दिवसांची असते. ‘नजरचुकीने झालं’ एवढ्याने भागत नाही. बिल क्रमांक, रक्कम, कोणत्या महिन्यात दाखवलं आणि कर कोणत्या महिन्यात भरला, असा छोटा तक्ता द्यावा. सोबत बिल आणि एप्रिलचं 3B जोडावं.

बरेच जण इथेच थांबतात, आणि तिथेच फसतात. कर भरला असला तरी तो महिनाभर उशिरा भरला. 20 एप्रिल ते 20 मे, 30 दिवसांचं 18 टक्क्यांनी व्याज साधारण 533 रुपये होतं. ते DRC-03 ने आधीच भरून त्याची पावती उत्तराला जोडावी. खुलासा पटला तर ASMT-12 येतं आणि प्रकरण मिटतं. उत्तरच दिलं नाही, तर कराच्या मागणीची कारवाई सुरू होऊ शकते.