एकच तिकीट, दोन नोकऱ्या

बी.एस्सी. झालेल्यांना संगणक क्षेत्रात शिरायच्या दोन वाटा प्रोग्रॅमिंगच्या पदवीवाचूनही खुल्या असतात : सॉफ्टवेअर टेस्टर आणि डेटा अ‍ॅनालिस्ट. सॉफ्टवेअर ठरल्याप्रमाणे चालते का, हे टेस्टर तपासतो. ते चालू लागल्यावर साठलेल्या नोंदींतून अ‍ॅनालिस्ट प्रश्नांची उत्तरे काढतो. एस.टी.च्या तिकिटावरून हा फरक नीट कळतो.

एस.टी.त ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील प्रवाशांना प्रवास मोफत आहे. हा नियम एखाद्या आरक्षण अ‍ॅपमध्ये बसवला, की टेस्टर एकेक वय टाकून पाहत बसत नाही. चूक बहुधा सीमेवर होते. म्हणून तो ६४, ६५, ७५ आणि ७६ ही वये आधी टाकतो. ज्याने कालच पंचाहत्तरी गाठली त्याला अर्धे तिकीट की मोफत, हेही तो विचारून घेतो, कारण कधी कधी दोष प्रोग्रॅममध्ये नसून नियमाच्या शब्दांत असतो. चूक सापडली तर काय केले, काय अपेक्षित होते आणि काय घडले, हे तो क्रमाने लिहितो. दुसऱ्याने तेच केल्यावर तीच चूक दिसली पाहिजे. प्रयोगवहीची शिस्त इथे जशीच्या तशी कामी येते.

अ‍ॅनालिस्टपुढचा प्रश्न वेगळा असतो : प्रवाशांचे सरासरी वय किती? समजा, पाच नोंदींत ३०, ४०, ५०, ६० आणि ० ही वये आहेत. सरासरी ३६ येते. पण शून्य म्हणजे तान्हे बाळ नव्हे, तर न भरलेला रकाना असेल, तर खरी सरासरी ४५ आहे. अशी गफलत पडद्यावर चूक म्हणून दिसत नाही, उत्तर व्यवस्थित छापून येते. म्हणून सरासरी काढण्याआधी कोणते वय किती वेळा आले, हे पाहावे लागते :

```sql
SELECT age, COUNT(*)
FROM tickets
GROUP BY age;
```

शून्यापुढचा आकडा फुगलेला दिसला, की संशय घ्यायचा.

टेस्टरचे सुरुवातीचे काम हाताने तपासण्याचे असल्याने शिरकाव तुलनेने सोपा असतो. मात्र पुढे सेलेनियमसारख्या साधनाने तपासणी स्वयंचलित करता आली नाही, तर वाढ खुंटते. अ‍ॅनालिस्टला एक्सेल, एसक्यूएल आणि संख्याशास्त्र पहिल्या दिवसापासून लागते. शिवाय पदाचे नाव अ‍ॅनालिस्ट आणि काम रोजचे ठरावीक तक्ते भरण्याचे, असेही घडते. प्रश्न कोण ठरवतो, हे मुलाखतीत विचारले की ते उघड होते.

संख्याशास्त्र किंवा गणित घेतलेल्यांना अ‍ॅनालिस्टची वाट जवळची आहे. प्रयोगशाळेत रमलेल्या आणि एसक्यूएल अजून न शिकलेल्या पदवीधराने टेस्टिंगपासून सुरुवात करणे व्यवहार्य ठरते. टेस्टरलाही डेटाबेस तपासावा लागतो, त्यामुळे एसक्यूएल तिथेच शिकून नंतर वाट बदलता येते.