पिवळी रेघ डाव्या हाताला

अमेरिकेत पहिल्यांदा गाडी चालवायची म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला धास्ती असते ती स्टिअरिंगची. ते डावीकडे, गाडी रस्त्याच्या उजवीकडून, म्हणजे सगळं उलटंपालटं. प्रत्यक्षात या भागाची सवय लवकर होते. थोडी फजिती ठरलेलीच आहे. मारुती किंवा ह्युंदाई चालवणाऱ्याच्या हाताला इंडिकेटरची दांडी उजवीकडे सापडायची सवय असते, तिकडे ती डावीकडे असते. त्यामुळे वळण आलं की लख्ख उन्हात कोरड्या काचेवर वायपर खरखरू लागतात. गिअरकडे जाणारा डावा हात दारावर आपटतो. पण ब्रेक आणि ॲक्सिलरेटर जिथल्या तिथेच असतात आणि भाड्याची गाडी बहुधा ऑटोमॅटिक असते, म्हणून क्लचची कटकटही नसते.

दुसरी अडचण चालवणाऱ्याच्या लक्षात येत नाही, शेजारी बसलेल्याच्या येते. आपण इतकी वर्षं गाडीच्या उजव्या भागात बसत आलो, म्हणजे लेनच्या मध्यापासून थोडं उजवीकडे. तिकडे बसायचं डावीकडे, पण अंग मात्र जुन्याच जागी जायला बघतं. मग गाडी हळूहळू उजवीकडे सरकते. शेजारची मंडळी फुटपाथ जवळ आला की आपसूक आत झुकतात, आणि हायवेवर कडेला कोरलेल्या खाचांवरून चाकं गेली की गाडी थरथरत घरघरते. उपाय साधा आहे. नजर बॉनेटसमोर न ठेवता लांबवर ठेवायची आणि लेनची डावी रेघ आपल्याला जरा जास्तच जवळ वाटेल अशी गाडी धरायची. उजव्या आरशात उजवी रेघ आणि गाडीचं अंग यांच्यामधली फट दिसत राहिली की बरोबर चाललंय.

इथवरचं सगळं गाडीबद्दल झालं. खरा धोका रस्त्यात आहे, आणि तोही गर्दीच्या नव्हे, मोकळ्या रस्त्यात. गर्दीत पुढची गाडी वाट दाखवते, चुकीच्या बाजूला जायला जागाच नसते. रस्ता रिकामा असला की मार्गदर्शक उरत नाही आणि जुनी सवय हात हातात घेते.

एक प्रसंग नीट बघू. सकाळचे सहा, कॅलिफोर्नियातलं एखादं उपनगर. पेट्रोल भरून तुम्ही पंपाच्या तोंडाशी आला आहात. समोर चार पदरी रस्ता, मध्ये दुभाजक, समोरच त्यात वळायला सोडलेली फट, आणि जायचंय डावीकडे. भारतात डावं वळण म्हणजे कडेकडेने, आखूड, लगेच. हात तसाच वळतो आणि गाडी रस्त्याच्या अलीकडच्या अर्ध्यात शिरते. तो अर्धा समोरून येणाऱ्यांचा असतो. तिथे डावं वळण लांबचं असतं: अलीकडचा अर्धा पूर्ण ओलांडायचा, दुभाजकाचं टोक डाव्या हाताला ठेवायचं आणि पलीकडच्या अर्ध्यात वळायचं. उजवं वळण त्याउलट आखूड, कडेकडेने. आपल्या सवयीप्रमाणे ते मोठं घेतलं, तरी पुन्हा चुकीच्याच बाजूला पोचणार.

बघायची दिशाही बदलते. आपण डावीकडे वळताना उजवीकडून कोणी येतंय का ते बघतो आणि निघतो. तिथे उजवीकडे वळताना गाड्या येतात डावीकडून. लाल सिग्नलला पूर्ण थांबून उजवीकडे वळायला अमेरिकेत बहुतेक ठिकाणी परवानगी असते (न्यूयॉर्क शहरात पाटी नसेल तर नसते), आणि नवखा माणूस नेमका तिथे भलत्या बाजूला मान वळवून बसलेला असतो.

ही चूक फक्त आपल्याकडच्यांची नाही. ऑगस्ट २०१९मध्ये इंग्लंडच्या नॉर्थहॅम्प्टनशरमध्ये, क्रॉटन इथल्या हवाई तळाच्या फाटकातून एक अमेरिकी बाई गाडी घेऊन बाहेर पडल्या आणि आपल्या देशातल्यासारख्या उजव्या बाजूने निघाल्या. समोरून मोटरसायकलवर हॅरी डन हा एकोणीस वर्षांचा मुलगा येत होता. तो त्या धडकेत गेला. पुढे हे प्रकरण दोन देशांच्या सरकारांपर्यंत पोचलं आणि २०२२मध्ये त्या बाईंनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्यांना इंग्लंडमध्ये येऊन काही आठवडे झाले होते, म्हणजे पहिल्या दिवसाची सावध भीती ओसरून गेली होती. जागाही तीच: फाटक, वळण आणि त्यानंतरचा रस्ता.

म्हणून खूण अशी हवी, की जी दुसऱ्या गाड्यांवर अवलंबून नाही. अमेरिकेत ती रस्त्यावरच रंगवलेली असते. समोरासमोरच्या वाहतुकीला वेगळं करणारी रेघ पिवळी, आणि एकाच दिशेच्या लेन वेगळ्या करणारी पांढरी. दुभाजक असलेल्या रस्त्यावरही डावी कड पिवळी आणि उजवी पांढरी असते. म्हणजे पिवळी रेघ कायम तुमच्या डाव्या हाताला, तुमच्याच खिडकीच्या बाजूला. ती उजवीकडे दिसली, तर तुम्ही उलटे चालला आहात. दुसरी खूण पाट्यांची: एकामागून एक पाट्यांच्या नुसत्या कोऱ्या पाठी दिसायला लागल्या, तर त्या तुमच्यासाठी लावलेल्याच नाहीत. हायवेवरून उतरायच्या रस्त्यावर उलटं चढणाऱ्याला लाल रंगात 'रॉंग वे' वाचायला मिळतं, पण तिथवर पोचू नये हे उत्तम.

पिवळी रेघ अमेरिकेची. युरोपात बहुतेक ठिकाणी मधली रेघही पांढरीच असते, तिथे हा हिशेब चालत नाही. तिथे सर्वत्र चालणारी खूण वापरायची: चालवणारा रस्त्याच्या मध्याकडे, शेजारचा कडेला. आपल्याकडेही हेच असतं, फक्त आरशात बघितल्यासारखं. फाटकातून निघताना आपण कडेला आणि बायको रस्त्याच्या मध्यावर, असं दिसलं की थांबायचं. अर्थात गाडी त्या देशाच्या बांधणीची असली पाहिजे. फ्रान्समध्ये इंग्लंडची गाडी नेणाऱ्याला ही खूणसुद्धा फसवते.

शेजारच्या माणसाला काम द्यावं. नकाशा बघणं फोनवर सोपवता येतं. शेजारच्याने प्रत्येक वळणाआधी फक्त "डावं, लांबचं" किंवा "उजवं, जवळचं" एवढं मोठ्याने म्हणायचं. आमच्या एका नातेवाइकांच्या गाडीत हे काम त्यांच्या दहावीतल्या मुलीने इतक्या कडक आवाजात केलं, की बाबा वळण्याआधी तिच्याकडेच बघायचे. गाडी थांबवून पुन्हा निघताना, चहा-जेवणानंतर, पार्किंगमधून बाहेर पडताना हे शब्द जास्त लागतात. विमानातून उतरल्या उतरल्या, झोप उडालेली असताना, अंधारात भाड्याची गाडी ताब्यात घेऊ नये. एक रात्र झोपून दुसऱ्या दिवशी उजेडात निघावं.

आपल्याला हा सराव घरबसल्या मिळाला असता. पोर्तुगालने १९२८मध्ये उजवी बाजू धरली, पण गोव्यात डावीच राहिली, कारण हद्दीपलीकडच्या ब्रिटिश हिंदुस्थानात सगळी वाहनं डावीकडून धावत. नाहीतर सावंतवाडीहून पेडण्याला जातानाच बाजू बदलावी लागली असती.

गाडी न चालवणाऱ्यांनीही हे वाचावं, कारण मुलाकडे गेलेले आई-बाबा संध्याकाळी फिरायला पायीच निघतात. विन्स्टन चर्चिल १९३१च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर टॅक्सीतून उतरून रस्ता ओलांडत होते. इंग्लंडच्या सवयीने त्यांनी भलत्याच बाजूला बघितलं आणि गाडीने त्यांना उडवलं. त्यांना इस्पितळात राहावं लागलं. अमेरिकेत पाऊल रस्त्यावर टाकण्याआधी पहिल्यांदा डावीकडे बघायचं, मधोमध आल्यावर उजवीकडे. आणि फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर चालायचं ते डाव्या कडेने, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते.