तू कसतोस ते माझ्या नावावर

"तू कसतोस ते माझ्या नावावर, मी कसतो ते तुझ्या. आपण दोघं गेल्यावर पोरं डोकी फोडतील." शेजारच्या आजोबांनी चाळीस वर्षांच्या अबोल्यानंतर बालमित्राला लिहिलेलं आंतर्देशीय असं सुरू होतं. ख्यालीखुशाली नंतर, दोनच ओळींत.

भांडणाचं मूळ एकत्रीकरणात होतं. १९४७च्या कायद्याखाली तुकडे जोडून गट पाडले गेले. कागदावर जमिनी बदलल्या, वहिवाट मात्र जुनीच राहिली. मित्र विहिरीसाठी कर्ज काढायला गेला, तेव्हा त्याच्या शेताचा सातबारा आजोबांच्या नावाचा निघाला. "फसवलंस," तो म्हणाला. मग लग्नाच्या पंगतीतही दोघं पाठ करून बसायचे.

पत्रात तोडगाही आहे: २०२३ची सलोखा योजना. असा उलटसुलट ताबा किमान १२ वर्षांचा असेल, तर तलाठी आणि मंडळ अधिकारी पंचनामा करतात. मुद्रांक शुल्क १,००० आणि नोंदणी फी १,००० रुपये भरून अदलाबदलीचा दस्त होतो. पैशाचा प्रश्नच नाही; अडतं ते संमतीवर. एकजण अडला की योजना तिथेच थांबते. म्हणून तर हे पत्र!

शेवटची ओळ: "येताना आधार आण. आणि बांधावरच्या आंब्याच्या चार कैऱ्या. तो कुणाचा, ते नंतर बघू."