गवताच्या धुळीत कोंडलेला श्वास

पागेत बांधलेला घोडा अधूनमधून खोकतो, याचं मोतद्दाराला फारसं काही वाटत नाही. सकाळी गवत टाकलं की दोन-चार ठसके, फेरी मारायला बाहेर काढून दुडकी सुरू केली की आणखी दोन-चार, आणि मग दिवसभर काही नाही. घोडा खातो-पितो, अंगात ताप नाही, लीदही नीट आहे. त्यामुळे 'सवयीचा खोकला' म्हणून तो सोडून दिला जातो. मात्र घोडा माणसासारखा सारखा खोकणारा प्राणी नाही. त्याच्या श्वासनळ्यांत बरीच सूज आणि कफ साठेपर्यंत तो गप्प राहू शकतो. म्हणून महिनाभर रोज ऐकू येणारा ठसका ही आजाराची सुरुवात नसते, आजार बराच पुढे गेल्यावर कळलेली ती खबर असते.

या आजाराला पशुवैद्यकात 'रिकरंट एअरवे ऑब्स्ट्रक्शन', म्हणजे पुन्हा पुन्हा श्वासमार्ग आवळणं, असं म्हणत. गेल्या काही वर्षांत याचा समावेश 'इक्वाइन अस्थमा' या व्यापक नावाखाली होतो आणि हा त्यातला तीव्र प्रकार मानला जातो. घोड्याचा दमाच तो. हिवाळ्यात महिनोन्‌महिने जनावरं आत ठेवून वाळल्या गवतावर पोसणाऱ्या युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या थंड मुलखात तो फार जुना आणि सर्रास आहे. जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने 1698 सालच्या आपल्या दम्यावरच्या ग्रंथात धाप लागलेल्या घोडीच्या फुफ्फुसांचं वर्णन करून ठेवलं आहे. आपल्याकडे बर्फ नाही, पण पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर घोडे ठाणबंद राहतात आणि नेमक्या त्याच दिवसांत गंजीतलं गवत दमट होऊन त्याला बुरशी धरते.

दोष बुरशीचा आणि धुळीचा आहे. गवत नीट वाळायच्या आत बांधलं की गासडी आतून तापते आणि उष्णता मानवणाऱ्या बुरश्या व सूक्ष्म जंतू तिच्यात माजतात. अॅस्परजिलस फ्युमिगॅटस ही त्यांतली सर्वांत कुप्रसिद्ध. त्यांचे बीजाणू इतके बारीक असतात की ते नाकात न अडकता थेट फुफ्फुसांच्या टोकापर्यंत पोचतात. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, तो सगळा नाकानेच घ्यावा लागतो. उभ्या उभ्या तो मिनिटाला साधारण 8 ते 16 श्वास घेतो आणि दर श्वासाला सुमारे 5 लिटर हवा आत ओढतो. गवत खाताना त्याचं नाक त्या गवतातच खुपसलेलं असतं, तेही दिवसाचे कित्येक तास. बहुतेक घोडे हे सोसतात. काहींच्या श्वासनळ्या मात्र या धुळीवर भडकतात. त्यांच्या भिंती सुजतात, भोवतीचे स्नायू आवळतात आणि आत घट्ट कफ साठतो. आजार बहुधा वयाच्या सातव्या वर्षानंतर दिसू लागतो आणि काही घराण्यांत तो आनुवंशिकही आढळला आहे.

नमुन्यादाखल एक चित्र डोळ्यासमोर आणू. पुण्याजवळच्या एखाद्या रायडिंग स्कूलमधला चौदा वर्षांचा खस्सी केलेला घोडा, पूर्वी शर्यतीत धावलेला आणि आता मुलांना बसायला शिकवणारा. पावसाळा सरता सरता त्याचा खोकला वाढला. आधी ठसका औषधाचा झाला, मग दोन वेळा प्रतिजैविकं झाली, दर वेळी चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. आता तो उभ्या उभ्याच मिनिटाला 28 श्वास घेतो. नागपुड्या फुगलेल्या असतात आणि श्वास सोडताना पोट दोनदा आवळतं, कारण अरुंद झालेल्या नळ्यांतून हवा बाहेर ढकलायला त्याला पोटाचे स्नायू लावावे लागतात. हे महिनोन्‌महिने चाललं की ते स्नायू जाड होतात आणि कुशीवर, बरगड्यांच्या कडेने मागे तिरकी जाणारी एक पन्हळ उमटते. ती दिसली म्हणजे आजार जुना आहे, एवढं नक्की समजावं. ताप मोजला तर 37.8 अंश सेल्सिअस, म्हणजे अगदी ठीक.

तापाची ही नोंद महत्त्वाची आहे. खोकल्यासोबत ताप, नाकातून पू, जबड्याखाली गाठी किंवा अंगावर फोड असतील, तर ते दम्याचं चित्र नव्हे. घशातल्या गाठींचा स्ट्रँगल्स किंवा माणसालाही होऊ शकणारा ग्लँडर्स अशा संसर्गांचा विचार आधी करावा लागतो आणि असा घोडा तातडीने वेगळा बांधावा लागतो.

आपल्या या घोड्याची पुढची पायरी म्हणजे दुर्बिणीने तपासणी. थोडं गुंगीचं औषध दिलं जातं आणि लांब, लवचीक दुर्बीण नाकपुडीतून आत सरकवली जाते. आधी घसा आणि स्वरयंत्र दिसतं, मग श्वासनलिकेची लांबलचक नळी उघडते. निरोगी घोड्यात ही नळी स्वच्छ, फिकट गुलाबी असते आणि फार तर एखादा कफाचा ठिपका असतो. या घोड्यात स्वरयंत्र ठीक होतं. मान छातीत शिरते तिथे नळीचा तळ खोलगट होतो आणि तिथे पांढुरका, चिकट कफ डबक्यासारखा साचला होता. पशुवैद्य या कफाला 0 ते 5 असे गुण देतात. सुटे ठिपके असतील तर 1 किंवा 2, तळाशी सलग ओघळ असेल तर 3, साचलेलं डबकं असेल तर 4, आणि कफाने नळीचा पाव भागाहून जास्त पोकळ भाग व्यापला असेल तर 5. इथे गुण पडले 4. थोडा व्यायाम दिल्यावर अर्ध्या-एक तासाने पाहिलं तर खोलवरचा कफ वर आलेला असतो आणि तो निसटत नाही. नळी जिथे दोन फुफ्फुसांसाठी दुभंगते, तिथली कड निरोगी घोड्यात धारदार, सुरीच्या पात्यासारखी दिसते. इथे ती सुजून बोथट, गोलसर झाली होती.

तरीही एवढ्यावर निदान पक्कं होत नाही, कारण कफ इतर कारणांनीही साठतो. म्हणून फुफ्फुसांच्या आतल्या फांदीत कोमट सलाइन सोडून ते परत ओढून घेतात. साधारण 250 ते 500 मिलिलिटर सोडलं, तर निम्मं तरी परत यावं आणि वर फेस यावा. फेस आला की ते पाणी खरोखर खोलवरून आलं आहे, हे कळतं. या पाण्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. निरोगी घोड्यात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी शंभरात 5 च्या आसपास किंवा कमी असतात. तीव्र दम्यात त्या 25 च्या पुढे जातात. आपल्या घोड्यात 46 निघाल्या. श्वासनलिकेतला कफ प्रयोगशाळेत वाढवून पाहिला तर त्यात जंतू मिळतातच, कारण ही नळी निर्जंतुक नसते. तेवढ्यावरून प्रतिजैविकं देत राहिल्यानेच या घोड्याचे कित्येक आठवडे फुकट गेले.

औषधं आहेत आणि लागतातही. सूज उतरवायला स्टिरॉइड, नळ्या मोकळ्या करायला क्लेनब्युटेरॉलसारखं औषध. काही घोड्यांना नाकाला मुखवटा लावून ओढायची औषधंही देतात. पण स्टिरॉइड फार काळ चालवता येत नाही, खुरांच्या आतली सूज उद्भवण्याचा धोका असतो. क्लेनब्युटेरॉलचा परिणाम काही आठवड्यांतच कमी होत जातो. आणि नाक त्याच धुळीत राहिलं, तर औषध थांबताच आजार पहिल्यासारखा होतो. माझ्या मते तबेला न बदलता नुसती औषधं देणं हा घोड्यावर अन्याय आहे.

पहिला बदल गवताचा. वाळलं गवत देणं चालूच ठेवायचं असेल, तर ते पूर्ण बुडेल असं पाण्याच्या टाकीत निदान अर्धा तास ठेवावं. वरून बादलीभर पाणी शिंपडून चालत नाही, कारण आतलं गवत कोरडं राहतं आणि घोडा तेच आधी ओढून काढतो. नीट बुडवलं तर उडणारी बारीक धूळ निम्म्याहून अधिक कमी होते. भिजवलेलं गवत लगेच खायला द्यावं. आपल्या उकाड्यात ते काही तासांत आंबायला लागतं, आणि गव्हाणीत उरलेलं वाळलं की त्याची पुन्हा धूळ होते. भिजवण्याने साखर व क्षारही निथळून जातात, म्हणून खुराकात क्षारमिश्रण घालावं लागतं. हिरवा चारा मिळत असेल तर त्याहून उत्तम. भिजवणं सोसत नसेल तर धूळ नसलेल्या दाणेदार गोळ्या हा पर्याय आहे. बंद यंत्रात कडक वाफ देऊनही बीजाणू मरतात, पण गोणीत घालून कोमट वाफ दिली तर बुरशी-जंतूंना उलट ओल मिळते.

गवत जमिनीवर किंवा बुटक्या गव्हाणीत द्यावं. मान खाली असली की कफ आपोआप उतरतो. उंच टांगलेल्या जाळीतून देताना धूळ नेमकी नाकावर पडते.

दुसरा बदल अंथरुणाचा. भाताचा पेंढा बुरशीला लवकर बळी पडतो. त्याऐवजी रबरी चटई आणि तिच्यावर धूळ काढलेला लाकडी भुसा चालतो. साचलेल्या मुताचा अमोनिया नळ्यांना झोंबतो, म्हणून ओलं रोज काढावं. ठाण झाडताना घोडा बाहेर हवा आणि धूळ बसेपर्यंत निदान अर्धा तास तरी बाहेरच राहावा. गवताचा माळा ठाणावर असेल तर तो रिकामा करायलाच हवा, नाहीतर कोणीही वर चाललं की बीजाणू खाली झरत राहतात.

इथे एक गफलत वारंवार होते. मालक मोठ्या खिडक्या पाडतो, पंखे बसवतो आणि समाधान मानतो. मोकळी हवा चांगलीच, पण गवत खाताना घोड्याच्या नाकाशी जे असतं त्यावर खिडकीचा परिणाम थोडाच होतो. तशीच दुसरी चूक म्हणजे आजारी घोड्याचंच गवत भिजवणं आणि शेजारच्या ठाणात कोरडं टाकत राहणं. हवा एकच असते.

आपल्या घोड्याला तीन आठवडे कमी होत जाणारं स्टिरॉइड दिलं, माळा रिकामा केला, शेजारच्या ठाणांतही भिजवलेलं गवत सुरू झालं, आणि दिवसभर तो उघड्या पडवीत राहू लागला. दहा दिवसांत श्वास 16 वर आला. आठ आठवड्यांनी कफाचा गुण 2 आणि न्यूट्रोफिल 18 असे निघाले. म्हणजे खोकला थांबला तरी आत सूज होती. नळ्यांभोवतीचे जाड झालेले स्नायू ओसरायला तर सहा महिने ते वर्षही लागतं, आणि ते पूर्ण पूर्ववत होतीलच असं नाही. मग दिवाळीत मोतद्दार गावी गेला, बदली माणसाने दोन दिवस कोरडं गवत टाकलं आणि तिसऱ्या दिवशी खोकला परत आला. हा आजार असाच वागतो. चांगल्या तबेल्यात तो दबून राहतो, मुळापासून जात नाही.

म्हणून असा घोडा विकताना किंवा दुसऱ्या पागेत पाठवताना त्याच्या कागदपत्रांसोबत हेही लिहून द्या: याला कोरडं गवत चालत नाही, गवत अर्धा तास बुडवून द्यावं, पेंढा घालू नये. नव्या मालकाला हे ठाऊक नसेल, तर पहिल्याच पावसाळ्यात तो पुन्हा धापू लागेल.