खाडा दुधाचा, पैशाचा नव्हे

दुधाचा रतीब आता अनेक शहरी घरांत ॲपवर गेला आहे. पुण्यात, ठाण्यात, नाशकात पहाटे दाराला अडकवलेल्या पिशवीत दूध, दही, पाव, कधी कढीपत्ता-कोथिंबीर येऊन पडते आणि कुणाशी बोलावेही लागत नाही. सोय खरी आहे. पण हिशेबाची दिशा त्यामुळे उलटली आहे, आणि तिकडे फारसे कुणाचे लक्ष नाही. पूर्वी दूधवाला महिनाअखेरीला यायचा, आपण कॅलेंडरच्या चौकोनांत मांडलेले खाडे वजा करून त्याला पैसे द्यायचो. चूक झालीच तर पैसे आपल्या हातात असायचे आणि विचारत यायचे ते त्याला. आता पैसे आधी जातात. खाडा धरला गेला नाही, तर मागे लागायचे काम आपले.

म्हणून रतीब थांबवणे म्हणजे नेमके काय काय थांबवणे, हे माहीत असायला हवे. इथे तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींना जोडलेल्या असतात. पहिली, रोजची मागणी: अमुक वस्तू, इतकी, या दिवशी. दुसरी, ॲपमधले वॉलेट, जिथे आपले आगाऊ भरलेले पैसे असतात आणि रोजच्या मालाची किंमत ज्यातून वजा होते. तिसरी, ते वॉलेट आपोआप भरण्यासाठी बँकेला दिलेली परवानगी, म्हणजे मँडेट किंवा ऑटोपे. गच्चीवरच्या टाकीसारखी ही रचना आहे: मागणी हा नळ, वॉलेट ही टाकी, आणि पाणी खाली गेले की आपोआप सुरू होणारा पंप म्हणजे मँडेट. नळ बंद केल्याने पंपाचे बटण बंद होत नाही. पंप बंद केला तरी टाकीतले पाणी नळातून वाहतच राहते.

एक उदाहरण पाहू. कोथरूडमधले एक घर गणपतीला 10 दिवस रत्नागिरीला निघाले आहे. रोज 1 लिटर दूध, 64 रुपये. दिवसाआड दह्याचा डबा, 35 रुपये. वॉलेटमध्ये 310 रुपये आहेत. शिल्लक 200 च्या खाली गेली की 1000 रुपये आपोआप भरायचे, असे कधीतरी ठरवून दिलेले आहे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दुधाच्या पानावर जाऊन दूध 10 दिवस थांबवले आणि मंडळी गाडीत बसली.

दही मात्र वेगळ्या नोंदीवर होते. ते पहिल्या दिवशी आले, शिल्लक 275. तिसऱ्या दिवशी 240, पाचव्या दिवशी 205, सातव्या दिवशी 170. शिल्लक 200 च्या खाली जाताच यंत्रणेने आपले काम केले: त्याच दिवशी बँकेचा संदेश आला की 1000 रुपये वळते होणार आहेत, आणि पुढे ते झाले. नवव्या दिवशी आणखी एक डबा आला. घरी परतल्यावर दाराशी दह्याचे 5 आंबलेले डबे, त्यांचे 175 रुपये गेलेले, आणि वॉलेटमध्ये नको असताना अडकलेले 1000. फसवणूक कुणीच केलेली नाही. जे जे सांगून ठेवले होते, तेच घडले.

हे टाळायला बहुतेक ॲपमध्ये दोन प्रकारचे थांबे असतात आणि त्यांतला फरक महत्त्वाचा आहे. एक थांबा वस्तूपुरता असतो, दुसरा सगळ्या खात्यासाठी. हा दुसरा ‘Vacation’ किंवा तशाच नावाने, बहुधा खात्याच्या पानावर, थोडा आत असतो. गावाला जाताना तोच हवा. शिवाय ‘Skip’ म्हणजे फक्त एक खेप वगळणे. पुढची खेप ठरल्या दिवशी येतेच. ‘Pause’ म्हणजे दिलेल्या तारखेपर्यंत किंवा आपण पुन्हा सुरू करेपर्यंत थांबवणे. डायपर, साबण, कुत्र्यामांजराचे खाणे अशा महिन्यातून एकदा येणाऱ्या वस्तूंना ‘Skip’ पुरते. रोजच्या दुधाला ते रोज करावे लागेल.

वेळेचेही भान ठेवावे लागते. पहाटे दारात येणारे दूध आदल्या रात्रीच इमारतीप्रमाणे वाटले जाते, म्हणून बदल करण्याची वेळ रात्री ठरावीक तासाला संपते. ती प्रत्येक ॲपची वेगळी असते आणि ॲपमध्येच लिहिलेली असते. ती उलटल्यावर थांबवले, तर उद्याचे दूध येणारच. खाडा परवापासून लागतो. परदेशात राहून इथल्या आईवडिलांचा रतीब आपल्या फोनवरून चालवणारी मुलेही आहेत. भारतातले रात्रीचे 10 म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कला दुपारचे साडेबारा. आईने ‘उद्या नको रे’ म्हणून पाठवलेला निरोप मुलाच्या जेवणाच्या सुट्टीआधी वाचला गेला नाही, तर उपयोग नाही. अशा घरांत ॲप आईच्या फोनवर ठेवावे आणि पैशाची परवानगी तेवढी मुलाकडे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

थांबा लागला की नाही, हे ‘यशस्वी’ अशा हिरव्या खुणेवरून ठरवू नका. ॲपमधले पुढच्या दिवसांचे कॅलेंडर उघडा. उद्याच्या तारखेखाली एकही वस्तू दिसता कामा नये. आणि पुन्हा सुरू होण्याची तारीख परतीच्या दिवसाची नको, त्याच्या दुसऱ्या दिवसाची ठेवा. गाडी रखडली तर पहिल्या दिवसाची पिशवी दुकानातून आणता येते, दारात नासलेले दूध परत करता येत नाही.

आता पंपाकडे वळू. आपोआप होणाऱ्या वसुलीला भारतात बऱ्यापैकी कडक नियम आहेत, ही ग्राहकाच्या हातातली मोठी गोष्ट आहे. कार्डावरून वारंवार होणाऱ्या वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेने 2019 मध्ये चौकट आखली आणि ती 1 ऑक्टोबर 2021 पासून सक्तीने लागू झाली. यूपीआय ऑटोपे 2020 मध्ये आले. परवानगी पहिल्यांदा देताना पिन किंवा ओटीपी लागतोच. त्यानंतर 15,000 रुपयांपर्यंतची वसुली दर वेळी ओटीपी न विचारता होऊ शकते, पण किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे. ती मिळाल्यावर तेवढी एक वसुली नाकारण्याचा किंवा परवानगीच मागे घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. कोथरूडच्या त्या घराला सातव्या दिवशी आलेला संदेश म्हणजे हीच सूचना. रत्नागिरीत बसूनही ते 1000 रुपये थांबवता आले असते. असे संदेश जाहिरात समजून पुसले जातात, हीच अडचण.

यूपीआयची परवानगी ज्या ॲपमधून दिली, त्या ॲपमध्ये ती दिसते. आपल्या नावाच्या किंवा चित्राच्या पानावर जाऊन ‘Autopay’ किंवा ‘Mandates’ शोधा. तिथे प्रत्येक परवानगीपुढे कंपनीचे नाव, कमाल रक्कम, वारंवारता आणि शेवटची तारीख असते. या चार गोष्टी नीट वाचाव्यात. आपण 1000 चे भरणे ठरवलेले असते, पण कमाल रक्कम 5000 किंवा 15,000 अशी दिलेली असू शकते. वारंवारतेपुढे ‘As presented’ असेल, तर कंपनी मागेल तेव्हा, असा त्याचा अर्थ. तिथूनच परवानगी काही काळ थांबवता येते किंवा कायमची रद्द करता येते, कंपनीला विचारावे लागत नाही. कार्डावरची परवानगी बँकेच्या ॲपमधून किंवा त्या आगाऊ संदेशातल्या दुव्यावरून मागे घेता येते.

रतीब कायमचा बंद करायचा असेल तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी परवानगी रद्द करा, म्हणजे नवे पैसे आत जाणार नाहीत. मग रोजचा माल चालू ठेवून वॉलेट रिकामे होऊ द्या. शिल्लक एका दिवसाच्या मालाइतकी उरली की सगळ्या नोंदी बंद करा, आणि शेवटी खाते. फोनवरून ॲप काढून टाकणे हा यातला एकही टप्पा नव्हे. ॲप काढले तरी मागणी कंपनीच्या संगणकात आणि परवानगी बँकेत तशीच राहते.

वॉलेट रिकामे करा असे मी आग्रहाने सांगते, कारण सर्वांत दुबळी जागा तीच आहे. फक्त त्याच कंपनीचा माल घेण्यासाठी असलेल्या वॉलेटला रिझर्व्ह बँकेची मंजुरी लागत नाही आणि त्यातून रोख काढण्याची सोयही नसते. उरलेले पैसे परत मिळतील की नाही, किती दिवसांत, हे कंपनीच्या अटींवर अवलंबून राहते. त्यात सवलत म्हणून जमा झालेली रक्कम बहुधा परत मिळत नाहीच. म्हणून ‘3000 भरा, 300 जास्त मिळवा’ अशा भुलावणीला मी तरी नाही म्हणेन. आठवड्याच्या दुधाइतके पैसे वॉलेटमध्ये पुरे.

बंद करताना कंपनीचा फोन नंबर इंटरनेटवर शोधू नका. अशा शोधात खोटे नंबर सापडतात, आणि पलीकडचा माणूस पैसे परत करतो म्हणून दुवा पाठवतो किंवा फोनचा पडदा पाहू मागतो. संपर्क ॲपमधल्या मदतीच्या पानावरूनच करा. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. असे काही घडलेच, तर लगेच 1930 वर कळवा.

आणि बंद करण्याचे बटणच सापडत नसेल? ही आता केवळ गैरसोय राहिलेली नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी फसव्या मांडणीच्या 13 प्रकारांना मनाई केली. रतीब बंद करणे मुद्दाम किचकट ठेवणे, बंद करण्याची सोय लपवणे, फुकट नमुन्यासाठी आपोआप वसुलीची परवानगी सक्तीने घेणे, हे सारे त्यात येते. ग्राहकाला न विचारता टोपलीत वस्तू घालणेही येते. पडद्याची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवा, ॲपमध्ये लेखी तक्रार करा, आणि दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर जा. परवानगी रद्द करूनही बँकेतून पैसे गेले असतील तर तक्रार बँकेकडे. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. यातले काहीही करायला वकील लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत.

कंपन्यांकडे मात्र एक मागणे आहे. ग्राहक 10 दिवसांचा खाडा सांगतो, तेव्हा त्याच पडद्यावर ‘तुमचे दहीही थांबवू का, वॉलेट भरणेही थांबवू का’ एवढे विचारा. दूधवाला हे न सांगता समजून घ्यायचा. ॲपला ते शिकवणे अवघड नाही.