उत्तरात येणारे सर्वनाम

“मावशी, जरा पाणी दे.” तिशीतली बाई हे वाक्य आपल्या आईच्या बहिणीला म्हणते आणि धुण्याभांड्याला येणाऱ्या साठीच्या बाईलाही. नात्याचे नाव तेच, क्रियापद तेच आणि आवाजातले आर्जवही कदाचित तेच. आईची बहीण म्हणते, “देते गं, तू बस.” कामाला येणारी मावशी म्हणते, “देते ताई, तुम्ही बसा.” पहिल्या वाक्याचा खरा अर्थ या उत्तरात उघड होतो. तू आणि तुम्ही यांच्यात आदर किंवा जिव्हाळा आधीपासून भरून ठेवलेला नसतो. समोरून काय परत येते यावर तो ठरतो, आणि तिसरा माणूस ऐकत असेल तर तो एकटे सर्वनाम ऐकत नाही, दोघांची जोडी ऐकतो.

हे जोडीचे तत्त्व रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिल्मन यांनी 1960 साली युरोपीय भाषांच्या संदर्भात मांडले. दोघे एकमेकांना एकच रूप वापरतात तेव्हा जवळीक किंवा अंतर व्यक्त होते, आणि एकाने एक, दुसऱ्याने दुसरे वापरले की सत्ता व्यक्त होते, असे त्यांचे म्हणणे. मराठी घरात त्याचा उत्तम पुरावा आईवडिलांच्या रूपाने कायमच समोर असतो. पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक घरांत आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हटले गेले. याचे कारण विचारले तर आईवर माया जास्त आणि वडिलांचा धाक जास्त असे सांगितले जाते. पण परतीचे सर्वनाम पाहिले तर चित्र अधिक नेमके होते. आई मुलाला तू म्हणते, मूलही आईला तू म्हणते, देवघेव सारखी. वडील मुलाला तू म्हणतात आणि मूल त्यांना तुम्ही म्हणते, देवघेव विषम. नवराबायकोची जुनी रीतही अशीच होती. ती ‘अहो’ म्हणायची आणि तो ‘अगं’ म्हणायचा. आता कित्येक घरांत ‘ए बाबा’ ऐकू येते, बायको नवऱ्याला नावाने हाक मारते. त्यामुळे वडिलांविषयीचा किंवा नवऱ्याविषयीचा आदर आटला असे कुणी सिद्ध केलेले नाही. आटली ती विषमता. आदर कमी झाल्याची तक्रार करणाऱ्यांनी आईचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. तिला शतकानुशतके तू म्हणूनही तिचा मान उणा झाला नाही.

देवाचेही तसेच. संतांनी विठ्ठलाला तू म्हटले, त्याच्याशी भांडतानाही तूच म्हटले, आणि संतकथांतला विठ्ठल त्यांच्याशी त्याच पातळीवर येऊन बोलतो. गणपतीच्या निरोपाच्या घोषणेत मात्र आपण त्याला पुढच्या वर्षी लवकर ‘या’ म्हणतो. तिथे तो पाहुणा असतो आणि आपण यजमान. देवाला प्रसंगानुसार दोन्ही रूपे मिळतात, म्हणजे रूप दर्जावरून ठरत नाही, त्या क्षणीच्या नात्यावरून ठरते. खेड्यातली म्हातारी तपासणाऱ्या तरुण डॉक्टरला “बाळा, तू सांग” म्हणते तेव्हा डॉक्टरला ते झोंबत नाही, कारण ती त्याला लेकरू समजते. तोच डॉक्टर तिला “आजी, तू गोळ्या का घेतल्या नाहीस?” असे म्हणाला तर दोन शक्यता उरतात. तिचा तू आधी आला असेल तर तो नातवाच्या जागी बसतो. ती त्याला तुम्ही म्हणत असेल आणि तरीही तो तू म्हणत असेल, तर तो तिच्याशी केवळ वरचढपणाने बोलतो आहे, आणि रांगेतल्या प्रत्येकाला ते कळते.

इथे एक आक्षेप येतो. कामाला येणाऱ्या मावशीला तू म्हणणारे प्रामाणिकपणे सांगतात की आम्ही तिला घरचीच मानतो. त्यांच्या मनात तसे असेलही. पण घरचे असणे एकतर्फी जाहीर करता येत नाही. ‘मावशी’ हे नाव तिला वर उचलते आणि ‘दे’ हे क्रियापद तिला खाली ठेवते. दोन्हींतले कोणते खरे, हे तपासायचे तर ती उलट “तू बस” म्हणाली तर चालेल का, एवढेच पाहावे. चालत असेल तर ती घरची. चालत नसेल तर “मावशी, जरा पाणी देता का?” म्हणणे योग्य. जातीच्या उतरंडीत हीच विषमता किती टोकाला गेली होती हे सर्वश्रुत आहे. वयाने वडील असलेल्या माणसाला दुसऱ्या आळीतले पोर तू म्हणायचे आणि तो माणूस त्या पोराला अहो-जाहो करायचा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. समानताच हवी तर सगळ्यांनी सगळ्यांना तुम्ही म्हणावे, प्रश्न मिटेल, असे काही जण म्हणतात. पण जोडीइतकाच अर्थ बदलातही असतो. रोज तू म्हणणारी मैत्रीण भांडणानंतर “तुमचं बरोबर आहे” म्हणाली, तर त्या शब्दांतली व्याकरणी नम्रता कुणाला ऐकू येत नाही. दार बंद झाल्याचे ऐकू येते. आई रागाने मुलाला “या, बसा, हुकूम सोडा” म्हणते तेव्हाही असेच. ज्या दोघांचे रूप ठरले आहे त्यांच्यात ते मोडणे हाच संदेश असतो. म्हणून सार्वत्रिक तुम्हीने मराठीचा एक स्वरच जाईल, आणि माझ्या मते ते नुकसान मोठे आहे.

रूप अजून ठरलेले नसेल तर आपल्या भाषेने एक वाटही ठेवली आहे, आणि मराठी माणूस ती नकळत वापरतो. नवी सून, नवा शेजारी, वयाचा अंदाज न येणारा सहकारी अशांशी बोलताना आपण सर्वनाम गाळतो आणि क्रियापदाचा शेवट झाकतो. ‘ऐकलंस का’ म्हटले की तू ठरतो, ‘ऐकलंत का’ म्हटले की तुम्ही. नुसते ‘ऐकलं का’ म्हटले की काहीच ठरत नाही. ‘जेवण झालं का’, ‘चहा घेणार का’, ‘कुठे निघायचं’ यांतही रूप उघड होत नाही. ‘-णार’ आणि ‘-यचं’ या रूपांवर पुरुष-वचनाची खूण सक्तीची नाही, म्हणून हे साधते. सार्वजनिक पाट्या तर ‘थुंकू नये’ म्हणून सगळ्यांनाच टाळतात. मात्र आज्ञार्थात ही सवलत संपते. ‘बस’ आणि ‘बसा’ यांच्यामध्ये काही नाही. ‘बसावे’ आहे, पण ते बोलण्यात अवघडते. तेव्हा कोणीतरी खुर्चीकडे हात दाखवून वाक्यच टाळतो, आणि त्यातूनही नाते ठरायचे आहे हे ऐकणाऱ्याला समजते.

रूप बदलण्याचा प्रस्ताव कोण मांडतो हेही पाहण्यासारखे. तो बहुधा वयाने किंवा पदाने वरचाच माणूस मांडतो: “मला अहो-जाहो करू नकोस.” वाक्यातल्या ‘नकोस’नेच तो स्वतःचा हक्क बजावतो, कारण तो आधीच तू म्हणतो आहे. “करू नका” म्हणाला असता तर प्रस्ताव बरोबरीचा झाला असता, दोघांनीही मग उतरायचे असा. पहिल्या प्रकारात खालच्या माणसाला नकार देता येत नाही आणि खरोखर तू म्हणायलाही जड जाते. म्हणून नव्या कार्यालयांत वरिष्ठ “मला नावाने हाक मार” म्हणतात, कनिष्ठ नाव घेतात आणि क्रियापद मात्र ‘तुम्ही आलात का’ असेच ठेवतात. नाव तू-च्या बाजूचे, शेवट तुम्ही-च्या बाजूचा. असे अर्धवट रूप बोलणारा चुकत नाही. वरिष्ठाने दिलेली सूट आणि उरलेले अंतर, दोन्ही तो एकाच वाक्यात नोंदवत असतो.