आईच्या निरोपाचा केक आणि त्यावरचं कार्ड

मुलगा बंगळूरला, आई कोल्हापुरात. आई शाळेतून निवृत्त होते आहे. मुलगा मोबाइलवरून अर्ध्या किलोचा केक आणि गुलाबांचा गुच्छ मागवतो. पैसे भरण्याआधी त्याच्यापुढे बहुधा तीन रिकाम्या चौकटी येतात: केकवरचा मजकूर, कार्डावरचा मजकूर आणि दुकानदारासाठी सूचना. गडबड होते ती यांच्या अदलाबदलीत. केकवर लिहिणारा कारागीर समोरच्या कागदावर असेल ते तसंच उतरवतो. त्यामुळे ‘संध्याकाळी सहाच्या आत पोचवा’ ही सूचना चुकीच्या चौकटीत पडली, तर ती क्रीमने लिहिलेली घरी येऊ शकते.

अर्ध्या किलोचा केक वीतभरापेक्षा कमीच रुंद. कोनातून निघणाऱ्या क्रीमच्या जाड रेषेत त्यावर तीन-चार शब्द नीट बसतात. जोडाक्षरं तर हमखास फिसकटतात. म्हणून केकवर फक्त ‘आई’ आणि एखादा सोपा शब्द पुरे. मनातलं बोलायची जागा कार्डावर.

कार्डाच्या चौकटीला अक्षरांची मर्यादा असते आणि मराठीत ती लवकर संपते. संगणक बहुतेक वेळा काना-मात्रा-वेलांट्याही वेगळ्या मोजतो. ‘किती’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा, तर त्याच्या हिशेबात चारांचा. ‘क्ष’ एकटा तीन जागा खातो.

पुढचा टप्पा कोल्हापुरातल्या दुकानात. बंगळूरहून केलेली ऑर्डर बरेचदा तिथल्याच एखाद्या बेकरीकडे किंवा फुलवाल्याकडे सोपवली जाते. कार्ड तिथे छापलं जातं किंवा हाताने लिहिलं जातं. छपाईच्या यंत्रात देवनागरी नसेल, तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा रिकामे चौकोन येतात. फुलं-हृदयांची चित्रंही अशीच गळतात. ऑर्डरच्या ईमेलमध्ये मजकूर आधीच बिघडलेला दिसला, तर दुकानाला तातडीने फोन करावा. तिथे तो नीट दिसला म्हणून दुकानातही नीट छापला जाईलच, असं मात्र नाही. खात्री नसेल तर मराठीच, पण रोमन लिपीत लिहिणं मला जास्त बरं वाटतं. आईला मुलाची बोली ऐकू आली पाहिजे, लिपी दुय्यम.

मुलाचा पहिला मजकूर असा होता: ‘निवृत्तीनिमित्त हार्दिक शुभेच्छा, पुढील आयुष्य सुखाचे जावो.’ हे कुणीही कुणालाही लिहील. शिवाय खाली नाव नाही. त्या दिवशी घरी शाळेकडून, भाच्यांकडून, शेजाऱ्यांकडूनही गुच्छ येणार. ऑर्डर देणाऱ्याचं नाव कार्डावर आपोआप येईल, हा भरवसा धरू नये. मजकुराच्या शेवटी ते आपणच लिहावं. आडनावाची गरज नाही, घरात ज्या नावाने हाक मारतात ते चालतं.

त्याने पुन्हा लिहिलं: ‘आई, इतकी वर्षं सकाळी सातची शाळा. उद्यापासून चहा गरम असतानाच पी. – मोठा, बंगळूरहून’. दुकानातल्या माणसाला हे दोन ओळींत हाताने उतरवता येतं. आणि दार शेजारच्या काकूंनी उघडलं, तरी गुच्छ कुणाचा, कुणासाठी, हे त्यांना विचारावं लागत नाही.